ट्रेलच्या तळाशी काय आहे?

डोनाल्ड ट्रम्प ज्युनिअर यांनी ८ जून २०१६ रोजी एक मेल दोघांना फॉरवर्ड केला. त्यांतले एक होते त्यांचे मेहुणे जॅरेड कुशनर आणि दुसरे वडिलांच्या निवडणूक प्रचाराचे प्रमुख पॉल मॅनाफोर्ट. वर स्वतःची ओळ एकच होती: उद्याची बैठक चार वाजता, माझ्या ऑफिसात. त्या ओळीखाली मागच्या काही दिवसांचा पत्रव्यवहार जसाच्या तसा जोडलेला होता. त्याच्या अगदी तळाशी, ३ जूनच्या पहिल्या मेलमध्ये, हिलरी क्लिंटन यांना अडचणीत आणतील अशी कागदपत्रं रशियाकडून मिळू शकतील, असा देकार होता. विषयाच्या ओळीतच 'खासगी आणि गोपनीय' या अर्थाचे शब्द होते. वर्षभराने, ११ जुलै २०१७ ला, तो सगळा पत्रव्यवहार जगाने वाचला. त्यानंतर कुशनर यांनी अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे ठेवलेल्या निवेदनात म्हटलं, की तो मेल एका लांबलचक देवाणघेवाणीच्या वर होता आणि खालचं आपण तेव्हा वाचलंच नाही.

कुशनर खरं बोलले की नाही, हा वाद अमेरिकेवर सोडून देऊ. पण ऑफिसात मेलवर काम करणाऱ्या कुणालाही त्यांचं म्हणणं अशक्य वाटणार नाही. वरच्या दोन ओळी वाचायच्या, कामाची तारीख-वेळ उचलायची आणि पुढे जायचं, हीच आपली रीत. पाठवणाराही तसाच असतो. वर 'कृपया खालचा ट्रेल पाहावा' एवढं लिहितो आणि बाण दाबतो. खालचं नीट वाचणारा निघतो तो तिसराच कुणीतरी, ज्याला त्यात रस असतो.

आपल्या ऑफिसांत याला 'ट्रेल मेल' म्हणतात. हा ट्रेल तयार कसा होतो ते आधी पाहू, कारण चूक तिथेच दडलेली असते. तुम्ही एखाद्या मेलला उत्तर देता तेव्हा तुमच्या मजकुराखाली मूळ मेल आपोआप चिकटतो. त्यावर समोरचा उत्तर देतो तेव्हा त्याच्या उत्तराखाली तुमचं उत्तर आणि त्याखाली मूळ मेल, असं दोन्ही येतं. दहा उत्तरांनंतरच्या शेवटच्या एका मेलच्या पोटात आधीचे सगळे मेल असतात, सगळ्यांत जुना तळाशी. पूर्वीच्या साध्या मजकुराच्या मेलमध्ये जुन्या ओळींपुढे `>` हे चिन्ह लागायचं आणि प्रत्येक उत्तरागणिक एक वाढायचं, त्यामुळे `>>>>` दिसलं की ही ओळ चार हात फिरून आली आहे, हे लगेच कळायचं. आता बहुतेक ठिकाणी ती खूण दिसत नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचारांचा एक दस्तऐवज निघाला होता, आरएफसी १८५५ नावाचा. उत्तर देताना मूळ मजकुरातला समजण्यापुरताच भाग ठेवावा, सगळा मेल तसाच जोडणं हा असभ्यपणा आहे, असं त्यात स्पष्ट बजावलं होतं. पुढे मेलच्या प्रोग्रॅमनीच सगळं जोडण्याची सवय लावली आणि तो शिष्टाचार इतिहासजमा झाला.

खरी फसगत पडद्यावर होते. जीमेल वाचताना जुना मजकूर तीन टिंबांच्या एका लहानशा बटणामागे लपवतो. त्यावर माउस नेला की `Show trimmed content` असं दिसतं. ते बटण बहुतेक जण कधी दाबतच नाहीत. डोळ्यांना दिसतो चार ओळींचा सुटसुटीत मेल, आणि पाठवला जातो तो चौदा पानांचा. शिवाय जीमेल एका विषयाचे मेल एकाखाली एक रचून दाखवतो. ती रचना तुमच्या इनबॉक्सची सोय असते. मेलच्या आत काय आहे, हे तिच्यावरून कळत नाही. एकाच मेलला दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली असतील तर ट्रेलला फाटे फुटतात आणि शेवटच्या मेलमध्ये त्यातला एकच फाटा असतो. वरच्या मेनूमधलं `Forward all` मात्र सगळे मेल गोळा करून पाठवतं. म्हणून 'पडद्यावर दिसलं ते गेलं' हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

आणि फॉरवर्ड न दाबताही फॉरवर्ड होतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. चालू पत्रव्यवहाराला उत्तर देताना सीसीत एक नवं नाव घातलं, म्हणजे 'यांनाही लूपमध्ये घेतो' केलं, की त्या नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवसापासूनचा सगळा ट्रेल पडतो. उत्तर लिहिताना जुना मजकूर तीन टिंबांमागेच असतो, त्यामुळे इथे तर तो नजरेलाही पडत नाही. माझ्या मते गोपनीय गोष्टी बाहेर जाण्याची ही वाट फॉरवर्डपेक्षा जास्त धोक्याची. फॉरवर्ड करताना निदान आपण काहीतरी पुढे पाठवतोय याचं भान असतं.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. भोसरीतला एक लहान कारखाना आहे असं समजा, पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारा. वाळूजच्या एका कंपनीने ५,००० नगांची चौकशी केली आहे. दरावर अजून घासाघीस चालू आहे, पर्चेस ऑर्डर निघालेली नाही. कंपनीचा खरेदी अधिकारी विचारतो, 'माल कधी मिळेल?' विक्री विभागातल्या मुलीकडे तेवढ्यात प्लॅनिंगचा मेल येतो. त्यात तारीख असते. ती तोच मेल वाळूजला फॉरवर्ड करायला घेते आणि वर लिहिते, 'खालीलप्रमाणे तारीख कन्फर्म आहे.'

त्या मेलच्या पोटात काय आहे ते तळापासून वर पाहू. सगळ्यांत खाली ग्राहकाचीच चौकशी, ड्रॉइंगसकट. तिच्यावर या मुलीने कॉस्टिंगला विचारलेला प्रश्न: आपल्याला कितीला पडेल? त्यावर कॉस्टिंगचं उत्तर: पत्रा ६४ रुपये, कटिंग आणि प्रेसिंग २१, पावडर कोटिंग ११, म्हणजे एक नग ९६ रुपयांना. त्यावर मालकांच्या दोन ओळी, फोनवरून घाईत लिहिलेल्या: '१२५ सांगा, ११२ पर्यंत उतरा. यांचं मागचं बिल ७० दिवस लटकलंय, अॅडव्हान्सशिवाय हात लावू नका.' त्यावर पर्चेसचा मेल: पत्र्याच्या व्यापाऱ्याचं कोटेशन आलंय, सोबत त्याचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये व्यापाऱ्याचा दर, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाइल. सगळ्यांत वर प्लॅनिंग: 'माल १८ ला तयार, १९ ला गाडी. मागच्या लॉटला बर राहिली होती, या वेळी क्यूसीने आधीच बघावं.'

वाळूजच्या खरेदी अधिकाऱ्याला हवी होती एक तारीख. मिळालं काय? समोरचा कुठवर उतरू शकतो तो आकडा मिळाला. १२५ आणि ११२ यांत नगामागे १३ रुपये, ५,००० नगांवर ६५ हजार रुपये. मालकांचं आपल्याबद्दलचं मत मिळालं. मागच्या मालात दोष होता याची लेखी कबुली मिळाली, जी उद्या बिल कापायला उपयोगी पडेल. आणि या व्यवहाराशी काहीही संबंध नसलेल्या पत्र्याच्या व्यापाऱ्याचं बँक खातं मिळालं. या शेवटच्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं. आपला दर फुटला तर आपण भोगू. तो व्यापारी मात्र या पत्रव्यवहारात कधी सामीलही नव्हता आणि त्याची माहिती कुठे गेली हे त्याला कळणारही नाही.

यातला एकही मेल लिहिणाऱ्याने चूक केलेली नाही. कॉस्टिंगने मालकांसाठी लिहिलं, मालकांनी आपल्या माणसांसाठी. प्रत्येक ओळ लिहिताना वाचणारा कोण, हे ठरलेलं होतं. फॉरवर्डने तो वाचणारा बदलला. म्हणून तपासताना 'हे गोपनीय आहे का?' असा मोघम प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं, की 'ही ओळ त्या नव्या माणसाने वाचली तर चालेल का?' ग्राहकाचं ड्रॉइंग ग्राहकाकडे परत गेलं तर काहीच बिघडत नाही. हाच ट्रेल उद्या ट्रान्सपोर्टवाल्याला गाडीच्या वेळेसाठी पाठवला तर तेच ड्रॉइंग परक्याच्या हाती गेलं.

तपासायला सुरुवात तळापासून करावी. वरून वाचायला घेतलं की आधी तेच मेल येतात जे आपण आज-काल वाचलेले असतात. डोळा त्यावरून घसरतो आणि तिसऱ्या-चौथ्या मेलपर्यंत लक्ष संपतं. नेमका त्याच्याखालीच धोका असतो, कारण ते मेल लिहिले गेले तेव्हा कदाचित आपण त्या पत्रव्यवहारात नव्हतोही. तळापासून वर आलं की गोष्ट घडली त्या क्रमाने उलगडते आणि 'त्यांना ते सांगू नका' मधलं 'ते' म्हणजे काय हेही कळतं. आधी तीन टिंबं दाबून सगळा मजकूर उघडायचा. मग आत किती मेल आहेत ते मोजायचं. प्रत्येक जुना मेल सुरू होताना त्याचा मथळा असतो. फॉरवर्ड केलेल्याचा साधारण असा दिसतो:

```
---------- Forwarded message ---------
From:
Date:
Subject:
To:
Cc:
```

उत्तरांच्या आधी तारीख आणि शेवटी `wrote:` अशी ओळ असते. `From:` आणि `wrote:` शोधून काढले की आपल्याला दोन वाटलेला ट्रेल सहा मेलांचा आहे, हे समोर येतं. हे मथळे नुसते ओलांडून जाऊ नयेत. मजकुरात काहीही वावगं नसलं तरी सीसीतला वकिलाचा पत्ता सांगतो की प्रकरण वकिलापर्यंत गेलंय. एखाद्या स्पर्धक पुरवठादाराचं नाव `To:` मध्ये असलं की तुम्ही दुसरीकडेही दर मागवताय हे उघड होतं.

वाचून झालं की मग शोध. फोनवर हे नीट जमत नाही, म्हणून लांब ट्रेल फोनवरून बाहेर पाठवूच नये असं माझं मत आहे. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ दाबून काही खुणा शोधाव्यात. पैशांसाठी नुसतं ₹ शोधून भागत नाही, कारण आपल्याकडे कुणी `Rs` लिहितो, कुणी `INR`, कुणी `lakh`, आणि जुन्या वळणाचे लोक आकड्यापुढे `/-` टाकतात. हे `/-` शोधणं फार कामाचं. टक्क्याचं चिन्ह शोधलं की मार्जिन आणि सूट सापडते. `@` शोधलं की ट्रेलमधले सगळे पत्ते एकामागून एक दिसतात आणि त्यात कुणाचा खासगी पत्ता आहे, कोण बाहेरचं आहे, ते कळतं. `password`, `PAN`, `A/c` हे आहेतच. आपले लोक रोमन लिपीत मराठी लिहितात, तेव्हा `rate`, `kami`, `nako`, `sangu` हेही शोधून पाहावं. मालकांच्या त्या दोन ओळी याच भाषेत असण्याची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे `confidential` हा शब्द शोधून जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. प्रत्येक कंपनीच्या मेलखाली 'हा मेल गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करावा' अशा अर्थाचं इंग्रजी शेपूट आपोआप लागतं. सहा मेलांत ते सहा वेळा सापडतं आणि खरोखर गोपनीय असलेल्या ओळीवर तो शब्द बहुधा नसतोच. शिक्का असूनही नजरेतून सुटू शकतो, याचा दाखला हिलरी क्लिंटन यांच्याच प्रकरणात आहे. परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी खासगी सर्व्हरवरून केलेल्या मेलची एफबीआयने तपासणी केली. ५ जुलै २०१६ ला एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी जाहीर केलं, की ५२ साखळ्यांमधल्या ११० मेलमध्ये पाठवण्याच्या वा मिळण्याच्या वेळी सरकारी गोपनीय माहिती होती. आकडा मेलचाही द्यावा लागला आणि साखळ्यांचाही, कारण एकदा शिरलेली ओळ प्रत्येक उत्तराबरोबर पुढे जात राहते. दोनच दिवसांनी संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं, की तीन मेलमध्ये मजकुराच्या आत `(C)` अशी गोपनीयतेची खूण होती, पण मेलच्या माथ्यावर ठळक शिक्का नव्हता. परिच्छेदाच्या सुरुवातीला कंसातलं एक अक्षर. घाईत वाचणाऱ्याला तो यादीतला क्रमांक वाटला तर आश्चर्य नाही.

शोधाला दिसत नाहीत अशाही जागा आहेत. स्क्रीनशॉटमधला मजकूर हे चित्र असतं, त्यामुळे पत्र्याच्या व्यापाऱ्याचा खाते क्रमांक कंट्रोल-एफने सापडला नसता. प्रत्येक चित्र डोळ्यांनीच पाहायला हवं. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये चित्राची कड कापून झाकली तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो. समोरचा ती कड पुन्हा ओढून उघडू शकतो. ड्राइव्हची लिंक असेल तर ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावी. लॉगिन न मागता फाइल उघडली, तर तुम्ही नुसती लिंक पाठवली नाहीत, अख्खी फाइल दिलीत.

जोडलेल्या फाइलींचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: उत्तर देताना आधीच्या फाइली जात नाहीत, फॉरवर्ड करताना त्या मेलच्या फाइली सोबत जातात. ब्रिटनच्या संरक्षण खात्याला एका फाइलीने किती महागात पडलं ते जुलै २०२५ मध्ये उघड झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्याशी संबंधित एकाने एक स्प्रेडशीट सरकारी यंत्रणेबाहेर मेल केली. त्यात सुमारे १५० लोकांची माहिती आहे अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तालिबानच्या भीतीने ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या जवळपास १९ हजार अफगाण अर्जदारांची माहिती तीत होती. न्यायालयाने या बातमीवर मनाई घातली होती, ती उठेपर्यंत त्यातल्या बहुतेकांना कुणी काही सांगितलंही नव्हतं. ट्रेलच्या तळाला लपलेला मेल आणि शीटच्या आत लपलेल्या ओळी, दोन्हीकडे चूक एकच: जे डोळ्यांपुढे होतं तेवढंच आत आहे असं मानणं. एक्सेल फाइल बाहेर पाठवण्याआधी खालच्या शीटच्या नावांवर उजवी क्लिक करून `Unhide` चालू दिसतंय का, एवढं तरी पाहावं. दिसलं तर आत लपवलेली शीट आहे.

काय काढायचं ते ठरलं की काढायचं कसं? पुसून. मजकुरावर काळा रंग फासला किंवा अक्षरं पांढरी केली तर ती तिथेच असतात. माउसने निवडून दुसरीकडे चिकटवली की लख्ख दिसतात. जुना मजकूर फॉरवर्डच्या खिडकीत सरळ निवडून काढता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. पण दुसऱ्याच्या नावाखालच्या मजकुरात आतल्या आत शब्द बदलू नयेत. मालकांच्या मेलमधून '११२ पर्यंत उतरा' तेवढंच काढून '१२५ सांगा' ठेवलं, तर मालकांनी न लिहिलेला मेल त्यांच्या नावावर तयार होतो. काढायचं तर अख्खा परिच्छेद किंवा अख्खा मेल, आणि त्या जागी '[अंतर्गत पत्रव्यवहार वगळला आहे]' अशी ओळ. समोरच्याला वगळल्याचं कळलं तर बिघडत नाही. प्रत्येक कंपनीत आतलं बोलणं असतं हे त्यालाही ठाऊक असतं.

भोसरीच्या उदाहरणात मात्र कापाकापी करण्यातही अर्थ नाही. सगळ्यांत वरचा प्लॅनिंगचा मेल एकटा ठेवला तरी त्यात बरची कबुली आहे. ती काढली की उरते एक ओळ, आणि एका ओळीसाठी दुसऱ्याचा मेल पुढे पाठवायचा कशाला? नवा मेल लिहायचा: 'माल १८ तारखेला तयार होईल, १९ ला गाडी निघेल.' याला एक मिनिट लागतं, सहा मेल तपासायला पंधरा. कुठल्याही लांब ट्रेलच्या बाबतीत मी हाच प्रश्न आधी विचारेन, की समोरच्याला खालचं खरोखर हवंय का? बहुतेक वेळा त्याला एक तारीख, एक आकडा किंवा 'हो' हवा असतो. ट्रेल जोडण्यामागे पुष्कळदा आळस असतो, आणि कधीकधी 'बघा, हे मी म्हटलं नाही, त्यांनी म्हटलंय' असं दाखवण्याची इच्छा.

काही वेळा ट्रेल खरोखरच लागतो. ग्राहकाने बदल मंजूर केल्याचा पुरावा, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, तक्रारीचा इतिहास. तिथे वरचे सल्ले उलटे होतात. वकिलाला किंवा तपास करणाऱ्याला मेल द्यायचा तर काही काढू नये. तो मूळ स्वरूपात, फाइल म्हणून जोडून द्यावा. जीमेलमध्ये त्यासाठी `Forward as attachment` आहे. त्यातून `.eml` फाइल जाते, ज्यात मेल कुठल्या सर्व्हरवरून कसा आला याच्या नोंदीही असतात. याच कारणाने ही सोय ग्राहकाला किंवा पुरवठादाराला मेल पाठवताना वापरू नये. तिथे काहीच कापता येत नाही आणि सगळंच जातं.

पाठवण्याआधीच्या दोन सवयी सांगतो. पत्त्याची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवावी, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी मेल कुठेच जाणार नाही. महत्त्वाचा ट्रेल असेल तर तो आधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून तिथे सगळा उघडून पाहावा. समोरच्याला काय दिसणार आहे ते तिथेच कळतं, लिहिण्याच्या खिडकीत नाही.

आणि निघून गेलाच तर? जीमेलमध्ये पाठवलेला मेल काही सेकंद थांबवता येतो. `Settings` मधल्या `General` विभागात `Undo Send` ची मुदत मुळात ५ सेकंद असते, ती ३० पर्यंत वाढवता येते. त्यापुढे नाही. आउटलुकच्या डेस्कटॉप आवृत्तीत नियम लावून प्रत्येक मेल काही मिनिटं, जास्तीत जास्त १२० मिनिटं, अडवून ठेवता येतो. बाहेर दर पाठवणाऱ्या माणसाने दोन मिनिटांचा नियम लावलेला बरा. आउटलुकचं `Recall` आपल्याच संस्थेच्या आतल्या मेलपुरतं चालतं. बाहेर गेलेल्या मेलवर त्याचा इलाज नाही. तिथे फोन उचलून स्पष्ट सांगणं, मेल पुसायची विनंती करणं आणि ज्याची माहिती गेली त्याला कळवणं, एवढंच हाती राहतं.

कळवणं ही आता केवळ सभ्यता राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 'माहितीचा भंग' या व्याख्येत चुकून झालेला खुलासाही येतो. भंग झाल्यास संबंधित व्यक्तीला आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवण्याची जबाबदारी त्यात माहिती वापरणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कळवलं नाही तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे.